निफ्टीचा कॅलेंडर स्प्रेड: आठवड्याचा कॉल विकायचा, महिन्याचा घ्यायचा आणि सोमवारी बाहेर पडायचं

ऑप्शन विकणाऱ्याच्या बाजूने वेळ काम करते, हे बाजारात नव्याने येणाऱ्याला पहिल्याच महिन्यात कुणीतरी सांगतं. ते खरं आहे. पण नुसता ऑप्शन विकून ठेवला तर तोट्याला तळ नसतो. ४ जून २०२४ला लोकसभेचे निकाल लागत होते आणि निफ्टी एका दिवसात १,३७९ अंकांनी, म्हणजे ५.९३ टक्क्यांनी खाली येऊन २१,८८४वर बंद झाला. त्या दिवशी पुट विकून बसलेल्यांची कित्येक महिन्यांची कमाई दुपारपर्यंत गेली. वेळेचा फायदा तर हवा, पण तोटा किती होईल हे सौदा करण्याआधीच कळायला हवं, अशी ज्याची गरज आहे त्याच्यासाठी कॅलेंडर स्प्रेड आहे.

रचना एका वाक्यात सांगता येते. एकाच स्ट्राइकचा, म्हणजे एकाच ठरलेल्या भावाचा, जवळच्या एक्स्पायरीचा ऑप्शन विकायचा आणि लांबच्या एक्स्पायरीचा विकत घ्यायचा. जवळचा ऑप्शन झपाट्याने झिजतो, लांबचा हळू झिजतो, आणि या दोन वेगांतला फरक आपल्या खिशात येतो. लांबचा महाग आणि जवळचा स्वस्त असल्यामुळे सुरुवातीला खिशातून काही पैसे जातात. त्याला डेबिट म्हणतात, आणि हाच आपला कमाल तोटा असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. ते तसं राहावं म्हणून काही अटी पाळाव्या लागतात, आणि नवखा माणूस नेमका तिथे अडकतो. म्हणून या लेखात रचनेपेक्षा अटींवर जास्त बोलणार आहे.

आधी कोणते कॉन्ट्रॅक्ट वापरायचे

एनएसईवर आता साप्ताहिक एक्स्पायरी फक्त निफ्टी ५०ची उरली आहे. सेबीच्या नियमामुळे बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन नोव्हेंबर २०२४मध्ये बंद झाले. १ सप्टेंबर २०२५पासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी असते आणि महिन्याची शेवटच्या मंगळवारी. मंगळवारी सुट्टी आली तर आदल्या कामकाजाच्या दिवशी. लॉट जानेवारी २०२६च्या कॉन्ट्रॅक्टपासून ६५चा झाला, त्याआधी ७५चा होता. हे आकडे दर काही महिन्यांनी बदलतात, तेव्हा सौदा करताना ब्रोकरच्या स्क्रीनवर दिसणारा लॉटच धरावा.

निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत. म्हणजे आपण विकलेला कॉल समोरचा माणूस एक्स्पायरीआधी वापरू शकत नाही. आणि हिशेब रोखीत होतो, शेअर द्यावे-घ्यावे लागत नाहीत. शेअरच्या ऑप्शनवर कॅलेंडर करताना डिलिव्हरीची जी धास्ती असते ती इथे नाही. नवख्याने इंडेक्सवरच सुरुवात करावी यामागचं माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण आहे.

सौद्यातल्या प्रत्येक ऑप्शनला पाय म्हणतात. लांबचा पाय म्हणून महिन्याची एक्स्पायरी घ्यावी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचे साप्ताहिक कॉन्ट्रॅक्ट स्क्रीनवर दिसतात, पण त्यांत खरेदी आणि विक्रीच्या भावात मोठी फट असते. महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आत शिरायला आणि बाहेर पडायला गिऱ्हाईक मिळतं.

एक सौदा, आकड्यांसकट

समजा महिन्याच्या एक्स्पायरीचा मंगळवार आहे, दुपारचे तीन वाजलेत आणि निफ्टी २५,०००वर आहे. पुढची साप्ताहिक एक्स्पायरी सात दिवसांवर आहे, पुढच्या महिन्याची अठ्ठावीस दिवसांवर. दोन्हींची आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेला बाजाराच्या चढउताराचा वार्षिक अंदाज, १२ टक्के आणि व्याजदर ६ टक्के धरून ब्लॅक-शोल्सच्या सूत्राने भाव काढले तर २५,०००चा आठवड्याचा कॉल साधारण १८१ रुपयांना आणि महिन्याचा ३९१ रुपयांना पडतो. प्रत्यक्ष बाजारात दोन्हींची आयव्ही थोडी वेगळी असते, भाव पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतात, पण चित्र हेच राहतं.

महिन्याचा घेतला, आठवड्याचा विकला. डेबिट २१० अंक, एका लॉटला १३,६५० रुपये.

आता निफ्टी आठवडाभर जागेवरच राहिला असं धरू. पुढच्या मंगळवारी बाजार बंद होताना आठवड्याचा कॉल शून्यावर येतो. तो १८१ अंक झिजला. महिन्याच्या कॉलला अजून एकवीस दिवस असतात आणि तो ३३२च्या आसपास असतो. म्हणजे तो ५९ अंकच झिजला. फरक १२२ अंकांचा, सुमारे ७,९०० रुपये. ही या सौद्याची कमाल कमाई आहे आणि ती मिळायला निफ्टी बरोबर २५,०००वर येऊन थांबावा लागतो. कागदावरचा आलेख तंबूच्या आकाराचा दिसतो तो याच टोकामुळे.

त्या टोकावर डोळा ठेवून सौदा करू नका. सोमवारी बाजार बंद होताना, म्हणजे एक्स्पायरीला एक दिवस उरलेला असताना, हाच स्प्रेड किती असतो ते पाहा. निफ्टी २५,०००वरच आहे, आठवड्याचा कॉल ६५ला, महिन्याचा ३४०ला. स्प्रेड २७५, नफा ६५ अंक, म्हणजे ४,२२५ रुपये. सात दिवसांच्या कमाईतला जवळपास अर्धा वाटा शेवटच्या एका दिवसात दडलेला असतो. आणि तो दिवस नवख्याने सोडून द्यावा असं मी ठामपणे सांगतो. कारणं पुढे येतीलच.

निफ्टी हलला तर? सोमवारच्या हिशेबात हा सौदा साधारण २४,७४० ते २५,३५० या पट्ट्यात नफ्यात राहतो. २४,५००ला सुमारे ८० अंकांचा तोटा, म्हणजे ५,२०० रुपये. २४,०००ला १७४ अंकांच्या आसपास, सव्वाअकरा हजारांच्या पुढे. त्याहून खाली गेला की तोटा २१०च्या जवळ सरकत जातो, पण त्यापलीकडे जात नाही. वरच्या बाजूला तोटा त्याहूनही कमी असतो.

हा पट्टा किती रुंद आहे याचा अंदाज यावा म्हणून एक गणित. १२ टक्के आयव्ही म्हणजे बाजार स्वतःच आठवड्याला साधारण ४१५ अंकांची हालचाल धरून चालला आहे. आपला पट्टा खाली २६० आणि वर ३५० अंकांचा. म्हणजे बाजार स्वतःच्या अंदाजाइतकाच हलला, तर नफ्यात राहण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या थोडी आतच असते. हा रोज पगार देणारा सौदा नाही. शांत आठवड्याचा सौदा आहे.

कॉलच का, पुट का नाही

ऑप्शन चेनवर पुटचे भाव पाहिले तर मोह होतो. त्याच दिवशी, त्याच गृहितांवर २५,०००चा आठवड्याचा पुट १५२ला आणि महिन्याचा २७६ला दिसेल. डेबिट फक्त १२४ अंक. कॉलच्या कॅलेंडरपेक्षा ८६ अंकांनी स्वस्त, मग कमाल तोटाही तेवढाच कमी, असं वाटणं साहजिक आहे.

तसं नाही. निफ्टी जोरात कोसळला असं धरा, समजा २२,०००वर आला. विकलेल्या पुटचे पूर्ण ३,००० अंक एक्स्पायरीच्या मंगळवारी रोखीत द्यावे लागतील. पण घेतलेला महिन्याचा पुट त्या दिवशी ३,०००ला विकला जाणार नाही. तो युरोपियन आहे, त्याचे पैसे एकवीस दिवसांनी मिळणार आहेत, आणि तोवरच्या व्याजाइतका तो आजच स्वस्त असतो. २५,०००वर ६ टक्क्यांनी एकवीस दिवसांचं व्याज होतं ८६ अंक. म्हणजे तो २,९१४च्या आसपास असेल. स्प्रेडची किंमत शून्याखाली, उणे ८६. भरलेले १२४ तर गेलेच, वर हे ८६. एकूण २१०.

म्हणजे कॉल आणि पुट या दोन्ही कॅलेंडरची जोखीम एकच आहे. कॉलमध्ये ती पूर्ण समोर दिसते, पुटमध्ये तिचा काही भाग दडलेला असतो. कॉलच्या बाबतीत बाजार कोसळला तर दोन्ही पाय शून्याकडे जातात आणि स्प्रेड शून्याखाली उतरत नाही. उसळला तर महिन्याचा कॉल व्याजामुळे आठवड्याच्या कॉलपेक्षा महागच राहतो. म्हणून ज्याला भरलेली रक्कम म्हणजेच कमाल तोटा असं साधं गणित हवं, त्याने कॉलचाच कॅलेंडर करावा. याला एक अपवाद आहे. भीतीच्या दिवसांत महिन्याचा फ्युचर स्पॉटच्या खाली गेला तर खोल आत गेलेला महिन्याचा कॉलही थोडा दबतो. पण तो प्रसंग विरळा, आणि फ्युचरचा भाव पाहिला की लगेच दिसतो. सौदा करण्याआधी महिन्याचा फ्युचर स्पॉटच्या वर आहे ना, एवढं पाहून घ्यावं.

आत शिरताना

पहिलं काम म्हणजे कॅलेंडरवर, भिंतीवरच्या, नजर टाकणं. या सात दिवसांत रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, अर्थसंकल्प, मोठ्या निवडणुकांचा निकाल यांतलं काही येतंय का? येत असेल तर तो आठवडा सोडा. अशा वेळी आठवड्याच्या ऑप्शनची आयव्ही महिन्याच्या आयव्हीपेक्षा बरीच वर असते आणि विकायला तो गलेलठ्ठ दिसतो. पण तो प्रीमियम मोठ्या उडीसाठीच दिलेला असतो, आणि आपल्या तंबूला उडीच मानवत नाही.

दुसरं काम, दोन्ही पायांची आयव्ही शेजारी शेजारी ठेवणं. आठवड्याची आयव्ही महिन्याच्या बरोबरीची किंवा किंचित वर असेल तर उत्तम. ती दोन-तीन टक्क्यांनी खाली असेल तर आपण स्वस्त माल विकून महाग माल घेतोय, आणि झिजेचा फायदा आधीच खाल्ला गेलाय. आजूबाजूला काही घडत नसताना आठवड्याच्या ऑप्शनची आयव्ही बऱ्याचदा अशीच खाली असते. त्या दिवशी काही न करणं हाच निर्णय.

मग स्ट्राइक. निफ्टीला सर्वांत जवळचा, ५० किंवा १००च्या पटीतला. बाजार कुठे जाईल याबद्दल आपलं काही मत असेल तर स्ट्राइक त्या बाजूला सरकवता येतो, पण पहिले काही सौदे मधल्या स्ट्राइकचेच करावेत. तेव्हाच वेळेचा परिणाम वेगळा काढून पाहता येतो.

ऑर्डर टाकताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी खरेदी, मग विक्री. महिन्याचा कॉल हातात असला की विकलेल्या कॉलवरचं मार्जिन बरंच उतरतं. उलट केलं तर काही क्षण का होईना, नुसता विकलेला कॉल खात्यावर असतो आणि त्यासाठी दीड लाखाच्या पुढचं मार्जिन मागितलं जातं. ते नसेल तर ऑर्डर फेटाळली जाते. बहुतेक ब्रोकरच्या ॲपमध्ये बास्केट ऑर्डरची सोय असते. त्यात दोन्ही पाय घालून ठेवा, महिन्याच्या `NIFTY 25000 CE`ची खरेदी वर आणि आठवड्याच्या `NIFTY 25000 CE`ची विक्री खाली. नाव सारखंच दिसतं, फक्त तारीख वेगळी असते. घाईत दोन्ही ऑर्डर एकाच एक्स्पायरीच्या गेल्या असं सर्रास घडतं, तेव्हा बटण दाबण्याआधी तारखा मोठ्याने वाचा. बास्केट किती मार्जिन लागेल तेही दाखवते. तो आकडा लिहून ठेवा, मंगळवारच्या संदर्भात तो लागणार आहे.

मार्केट ऑर्डर टाकू नका. महिन्याच्या कॉलमध्ये खरेदी ३९०ची आणि विक्री ३९२ची दिसत असेल तर ३९१ची लिमिट लावून थोडं थांबा. प्रत्येक पायावर एक-दीड अंक गमावला तरी येता-जाता चार पायांचे पाच-सहा अंक होतात. आपल्या ६५ अंकांच्या संभाव्य नफ्यातला तो जवळपास दहावा हिस्सा आहे. एक पाय लागला आणि दुसरा अडकला तर मात्र पैशा-दोन पैशांची घासाघीस सोडून दुसरा पाय लगेच पूर्ण करा.

खर्चाचं बोलायचं तर वीस रुपये प्रति ऑर्डर घेणाऱ्या ब्रोकरकडे चार ऑर्डरचे ऐंशी रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, विक्रीच्या प्रीमियमवर एसटीटी हा सरकारी कर आणि एक्स्चेंजचं शुल्क मिळून एका लॉटच्या पूर्ण फेरीला दीडशे ते दोनशे रुपये धरावेत. एसटीटी १ ऑक्टोबर २०२४ला ०.०६२५वरून ०.१ टक्के झाला होता. तो अर्थसंकल्पात बदलला जातो, तेव्हा चालू दर पाहून घ्या.

आठवडा चालू असताना

या सौद्यात दोन गोष्टी पाहायच्या असतात, निफ्टी कुठे आहे आणि महिन्याच्या कॉलची आयव्ही कुठे आहे. पहिली सगळेच पाहतात. दुसरी बहुतेक जण विसरतात आणि मग निफ्टी जागेवर असूनही नफा का दिसत नाही, असं विचारत बसतात.

आपल्या उदाहरणात सुरुवातीला आयव्ही एक टक्का हलली की महिन्याचा कॉल सुमारे २७ अंक हलतो आणि आठवड्याचा १४. आपण २७वाला घेतलाय आणि १४वाला विकलाय, म्हणजे दोन्हींची आयव्ही सारखीच घसरली तरी दर टक्क्यामागे आपले १३-१४ अंक जातात. जसजसा आठवडा सरतो तसा आठवड्याच्या कॉलवरचा हा परिणाम कमी होतो आणि फरक आणखी आपल्या अंगावर येतो. सोमवारपर्यंत आयव्ही १२वरून १०वर आली आणि निफ्टी बरोबर २५,०००वर राहिला, तर ६५ अंकांच्या जागी सुमारे २८ अंक हाती लागतात. वेळेने दिलं त्यातलं निम्म्याहून जास्त आयव्हीने काढून घेतलं. निफ्टी थोडा बाजूला सरकलेला असेल तर नफ्याचा तोटाही होतो. मंगळवारच्या एक्स्पायरीला निफ्टी २४,८००वर असेल तर १२ टक्के आयव्हीला २२ अंकांचा नफा निघतो, तर १० टक्क्यांना २५ अंकांचा तोटा.

म्हणून हा सौदा इंडिया व्हीआयएक्स, म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनमधून निघणारा आयव्हीचा निर्देशांक, चढून बसलेला असताना करू नये. मोठी बातमी होऊन गेल्यावर व्हीआयएक्स उतरत असतो, प्रीमियम जाडजूड दिसतात, विकायला हात शिवशिवतात. पण कॅलेंडरमध्ये आपण विकतो त्यापेक्षा जास्त आयव्ही विकत घेतो, हे लक्षात ठेवावं. व्हीआयएक्स आपल्या गेल्या काही महिन्यांच्या पट्ट्यात खालच्या बाजूला असताना आणि बाजार रेंगाळत असताना हा सौदा शोभतो.

बाहेर पडण्याचे आकडे शिरतानाच ठरवावेत. मी डेबिटच्या पावपट नफ्यावर समाधान मानतो, म्हणजे २१०च्या सौद्यात ५० अंकांच्या आसपास. तोटा ६० अंकांवर गेला की बंद. तोटा आधीच ठरलेला आहे, मग स्टॉप कशाला, असं विचारणारे भेटतात. २१० गमावून ५० कमावण्याचं प्रमाण कुठल्याही शहाण्या हिशेबात बसत नाही, म्हणून स्टॉप लागतो. आणि रात्रीतून काही घडून बाजार सकाळी थेट पाचशे अंक खाली उघडला तर स्टॉपचा उपयोग होत नाही. त्या दिवसासाठी २१०चा तळ आहे. दोन्हींचं काम वेगळं आहे.

हा स्टॉप स्प्रेडच्या भावावर लावायचा असतो, एका पायाच्या भावावर नाही. महिन्याच्या कॉलला स्टॉपलॉस ऑर्डर लावून ठेवली आणि बाजार खाली येताना ती लागली, तर मागे नुसता विकलेला कॉल उरतो. मग दुपारी बाजार उलट फिरून वर गेला की सुरुवातीला टाळलेला अमर्याद तोटा समोर उभा राहतो. स्प्रेडचा भाव, म्हणजे महिन्याचा उणे आठवड्याचा, दिवसातून दोनदा काढून पाहा. तो १५०च्या खाली आला की हाताने दोन्ही पाय बंद करा.

सोमवारी बाहेर का

पहिलं कारण मार्जिनचं. १० फेब्रुवारी २०२५पासून एक्स्पायरीच्या दिवशी, त्या दिवशी संपणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला कॅलेंडर स्प्रेडची मार्जिन सवलत मिळत नाही. म्हणजे आठवडाभर महिन्याच्या कॉलच्या आधारावर कमी मार्जिनमध्ये चाललेला विकलेला कॉल मंगळवारी एकदम एकटा विकलेला म्हणून मोजला जातो. त्यात एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर नोव्हेंबर २०२४पासून आणखी २ टक्के जादा मार्जिन आहे. शिरताना बास्केटमध्ये लिहून ठेवलेला आकडा आठवा. मंगळवारी त्याच्या कित्येक पट रक्कम खात्यात लागेल. नसेल तर ब्रोकर दंड लावतो किंवा पोझिशन कापतो. आणि कोणता पाय कापायचा हे तो ठरवतो, आपण नाही.

दुसरं कारण उडीचं. शेवटच्या दिवशी स्ट्राइकजवळचा ऑप्शन निफ्टीच्या प्रत्येक पन्नास अंकांना वेड्यासारखा हलतो. सोमवारी ६५ला असलेला कॉल मंगळवारी दुपारी १५०ला किंवा २ला, दोन्ही सहज होऊ शकतो. ज्या कमाल नफ्यासाठी थांबलो तो ६५ अंकांवरून १२२ व्हायचा तेवढ्यात उणेही होऊ शकतो.

तिसरं कारण रोखीचं, आणि हे कुणी आधी सांगत नाही. समजा मंगळवारी निफ्टी २५,५००वर बंद झाला. विकलेला कॉल ५०० अंकांनी आत आहे, त्याचे ३२,५०० रुपये खात्यातून रोख वळते होतात. घेतलेला महिन्याचा कॉल ६७२च्या आसपास आहे, म्हणजे ४३,६८० रुपयांचा, पण तो अजून विकलेला नाही. कागदावर तोटा फक्त ३८ अंकांचा, सुमारे अडीच हजारांचा. खात्यात मात्र ३२,५००ची खोट. तेवढे पैसे बाजूला नसतील तर महिन्याचा कॉल मिळेल त्या भावाला विकायची पाळी येते.

म्हणून सोमवारी दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान, आधी आठवड्याचा कॉल परत विकत घ्या, मग महिन्याचा विका. शिरतानाच्या क्रमाप्रमाणे इथेही खरेदी आधी. बुधवार किंवा गुरुवारीच पावपट नफा आला तर तेव्हाच निघा, सोमवारची वाट पाहायची गरज नाही.

आठवड्याचा कॉल स्वतःहून शून्यावर गेला आणि महिन्याचा हातात उरला की तो फुकटात पडला असं वाटतं. तो फुकट नसतो. त्यात आपले २१० अंक अडकलेले असतात आणि वेळ आता आपल्याविरुद्ध चाललेली असते. उरलेला नुसता कॉल हा कॅलेंडर नाही, ती तेजीवरची पैज आहे. ती लावायची नसेल तर तो पाय त्याच क्षणी विकावा.

पुढच्या आठवड्यासाठी तोच कॉल ठेवायचा का

सोमवारी निफ्टी स्ट्राइकच्या शंभर अंकांच्या आत असेल तर असा विचार करता येतो. ६५ला असलेला कॉल परत घेऊन पुढच्या मंगळवारचा २५,०००चा कॉल विकायचा. त्याला आठ दिवस असतात आणि तो याच गृहितांवर १९४च्या आसपास मिळतो. महिन्याचा कॉल तेव्हा ३४०ला आहे. म्हणजे नवा सौदा १४६ अंकांचा झाला, आणि सगळं जागेवर राहिलं तर त्यापुढच्या सोमवारी तो २०९च्या जवळ असेल, म्हणजे पुन्हा साठ-पासष्ट अंकांचा नफा. आयव्हीचा परिणामही पहिल्या आठवड्यापेक्षा कमी.

पण हिशेब असा नव्यानेच मांडायचा. पहिल्या आठवड्याचे ६५ अंक मिळाले असं वहीत लिहा आणि मग स्वतःला विचारा, आज माझ्याकडे काहीच नसतं तर १४६ अंक देऊन हा स्प्रेड मी घेतला असता का? निफ्टी २४,८००वर असेल, आठवड्यात पतधोरण असेल किंवा आठवड्याची आयव्ही महिन्याच्या खाली गेलेली असेल, तर दोन्ही पाय बंद करा आणि नवा स्ट्राइक मंगळवारी दुपारी नव्या भावाने शोधा. महिन्याच्या कॉलला पंधरापेक्षा कमी दिवस उरले की मात्र पुन्हा विकत बसू नका. त्यानंतर महिन्याचा कॉलही वेगाने झिजू लागतो आणि ज्या फरकावर हा सौदा उभा आहे तो आक्रसत जातो.